अनामत रक्कम परत मिळण्याबाबत अंतिम मागणीपत्र

रजिस्टर्ड पोस्टाने, पोहोच पावतीसह
प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५
नाशिक

प्रति,
श्री. आहिरे
गंगापूर रोड, नाशिक

प्रेषक,
संदीप गांगुर्डे
सध्या राहणार पाथर्डी फाटा, नाशिक

विषय : सदनिका क्र. १२, चौथा मजला, इंदिरानगर, नाशिक या घराच्या अनामत रकमेपैकी राहिलेले रुपये ६४,१५०/- मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५ पर्यंत परत करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

तोंडी मी आपल्याला नेहमी काका म्हणत आलो. बावीस महिने आपल्या घरात राहिलो, त्या काळात आपल्यात कधी शब्दाला शब्द झाला नाही. म्हणूनच हे पत्र लिहायला मला साडेतीन महिने लागले. पण आता विनंती करून झाली, आठवण करून झाली, आपण म्हणाल तेवढे थांबूनही झाले. हे माझे शेवटचे मागणीपत्र आहे.

व्यवहार सरळ होता. १ जुलै २०२३ पासून अकरा महिन्यांचा आणि नंतर १ जून २०२४ ते ३० एप्रिल २०२५ असा दुसरा लिव्ह अँड लायसन्स करार आपण केला. दोन्ही करार ऑनलाइन नोंदवलेले आहेत. एजंट मशीन घेऊन आपल्या बंगल्यावर आला होता आणि आपण दोघांनी एकाच टेबलावर अंगठे दिले होते. अनामत म्हणून दिलेले रुपये ७५,०००/- मी जून २०२३ मध्ये धनादेशाने भरले. दुसरा करार करताना तीच रक्कम पुढे चालू ठेवल्याचे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भाडे पहिल्या करारात १५,०००/- आणि दुसऱ्यात १६,०००/- होते. एकाही महिन्याचे भाडे थकलेले नाही, हे आपणही मान्य कराल.

करारातील अनामतीचे कलम असे आहे, की ताबा परत देतेवेळी, थकीत भाडे, वीजबिल आणि परवानाधारकाकडून झालेले नुकसान वजा करून अनामत रक्कम बिनव्याजी परत करावी. नेहमीच्या वापराने होणारी झीज नुकसानीत धरायची नाही, असेही त्याच कलमात आहे. छत, बाहेरच्या भिंती आणि गळतीची दुरुस्ती मालकाकडे आहे. ही तिन्ही वाक्ये आपल्या करारातली आहेत आणि खाली आपली सही आहे.

मी ३० एप्रिल २०२५ रोजी संध्याकाळी घर रिकामे करून दोन्ही किल्ल्या आपल्या हातात दिल्या. आपण स्वतः सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या. वीजमीटरचा आकडा आपल्यासमोर फोटो काढून ठेवला आणि त्या आकड्यापर्यंतचे बिल मी नंतर भरले. त्याची पावती १२ मे रोजी आपल्याला पाठवली आहे. सोसायटीचे माझ्या नावावर काहीही बाकी नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकच्या नळाची तोटी माझ्या मुलाकडून तुटली होती, ती मी त्याच दिवशी दाखवली. नवी तोटी आणि प्लंबरची मजुरी मिळून आपण ८५० रुपये सांगितले, ते मला तेव्हाही मान्य होते आणि आजही आहेत. त्या संध्याकाळी आपण दुसरी कोणतीही तक्रार केली नाही. ‘आठ दिवसांत खात्यावर टाकतो,’ एवढेच म्हणालात.

त्यानंतरचे सगळे आपल्याला माहीत आहे, तरी कागदावर यावे म्हणून लिहितो. १२ मे रोजी फोन केला, तेव्हा लग्नसराईमुळे हात आखडला आहे असे आपण सांगितले. मी समजून घेतले. २६ मे रोजी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण केली, तेव्हा ‘नवा भाडेकरू आला की त्याचे डिपॉझिट येईल, त्यातून देतो’ असे उत्तर आले. नवा भाडेकरू १५ जूनला राहायला आला. २० जूनला मी पुन्हा विचारले. ३ जुलै रोजी आपण यूपीआयने रुपये १०,०००/- पाठवले आणि ‘डिपॉझिटपैकी, बाकी या महिन्यात’ असा मजकूर लिहिला. ती रक्कम मला मिळाली. म्हणजे ३ जुलैपर्यंत आपल्या मनातही ही रक्कम देणे लागते याबद्दल शंका नव्हती.

मग २१ जुलैला आपला संदेश आला, की रंगकामाचे २४,०००/- आणि साफसफाईचे ३,५००/- कापावे लागतील. किल्ल्या दिल्यापासून ब्याऐंशी दिवसांनी हे पहिल्यांदा समजले. २८ जुलै रोजी मी लेखी उत्तर देऊन बिले मागितली. ना बिल आले, ना उत्तर.

रंगाबद्दल मला सविस्तर लिहावेच लागेल, कारण माझ्या प्रामाणिकपणावर ठपका ठेवला गेला आहे. आपण ज्या भिंतीबद्दल बोलता ती बेडरूमची, गच्चीकडून पाणी उतरणारी भिंत आहे. पहिल्याच पावसाळ्यात, ऑगस्ट २०२३ मध्ये, तिच्या वरच्या कोपऱ्यात ओल आली. मी त्याच दिवशी फोटो पाठवले. ‘पाऊस उघडला की वॉटरप्रूफिंग करून घेऊ,’ असे आपण लिहिले. पाऊस उघडला, दुसरा पावसाळा आला आणि ओल खिडकीच्या चौकटीपर्यंत उतरली. भिंतीला हात टेकला तर रंगाचा पापुद्रा चुन्यासकट तळहातावर यायचा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवले तरी त्याच्या पाठीला बुरशी धरली आणि मुलाची वह्यापुस्तके आम्हाला हॉलमध्ये आणावी लागली. जुलै २०२४ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मी पुन्हा फोटो पाठवले, तेही आपल्या फोनमध्ये असतील, माझ्याकडे तर आहेतच. गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याचा खर्च खाली राहणाऱ्याने द्यायचा, हे करारात कुठेही नाही आणि न्यायालाही धरून नाही.

आणखी एक गोष्ट. १० ऑगस्टला, रविवारी, माझ्या नावाने जुन्या पत्त्यावर आलेले एक टपाल घ्यायला मी त्या घरी गेलो होतो. नव्या भाडेकरूंनी आत बोलावले, पाणी दिले. भिंतीवर तोच डाग, तोच उडालेला रंग आहे. हॉलमध्ये आमच्या कॅलेंडरच्या खिळ्याचे भोकही तसेच आहे. म्हणजे ज्या रंगकामाचे चोवीस हजार माझ्याकडून मागितले, ते रंगकाम झालेलेच नाही. हे वाचून आपल्याला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, पण जे पाहिले ते लिहिले आहे. नव्या भाडेकरूंना यात ओढू नये, त्यांचा यात काहीच दोष नाही.

साफसफाईचे तर मी बोलतच नाही. घर सोडण्याच्या आदल्या दिवशी माझ्या पत्नीने आणि आईने दोघींनी मिळून ओटा, संडास-बाथरूम, बाल्कनीच्या जाळ्या घासून काढल्या होत्या. रिकाम्या घराचे फोटो त्यानंतरचे आहेत.

हिशेब असा : अनामत ७५,०००/-, त्यातून तोटीचे ८५०/- वजा केल्यावर ७४,१५०/-. आपण दिलेले १०,०००/- वजा केल्यावर बाकी रुपये ६४,१५०/- (अक्षरी रुपये चौसष्ट हजार एकशे पन्नास फक्त). रंगकाम आणि साफसफाईची कपात मला पूर्णपणे अमान्य आहे.

ही रक्कम माझ्यासाठी किती मोठी आहे, हे आपल्याला कळावे म्हणून सांगतो. मी अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. आपले आठ दिवसांचे आश्वासन धरून मी नव्या घराचे डिपॉझिट भरण्यासाठी पत्नीच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. आठ दिवसांत सोडवू म्हणून ठेवलेल्या त्या पाटल्या आज साडेतीन महिने झाले तरी तिथेच आहेत आणि दर महिन्याला मी व्याज भरतो आहे. ते दागिने तिच्या आईने दिलेले आहेत. सणाला ती मोकळ्या हातांनी उभी राहते, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही.

म्हणून आपणास या पत्राद्वारे कळवतो, की रुपये ६४,१५०/- ही रक्कम मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५ रोजी संध्याकाळी ६ वाजेपर्यंत, ज्या बँक खात्यावरून मी आपल्याला दरमहा भाडे पाठवत होतो त्याच खात्यावर एकरकमी जमा करावी. मी पंधरा दिवसच देणार होतो. पण २७ ऑगस्टला गणपती बसतात, आपल्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो हे मला माहीत आहे, म्हणून विसर्जनानंतरचे दिवसही धरले आहेत. यापुढे मुदत वाढवणार नाही. हप्त्याने किंवा काही भाग कापून रक्कम आल्यास ती मी ठेवून घेईन, पण तेवढ्याने हिशेब मिटला असे समजू नये.

या मुदतीत पूर्ण रक्कम आली तर मी व्याज मागणार नाही आणि सगळा हिशेब मिटल्याचे दोन ओळींचे पत्र सही करून त्याच दिवशी आपल्याकडे आणून देईन.

रक्कम आली नाही तर बुधवार, १० सप्टेंबरला मी माझ्या वकिलांना नाशिकच्या दिवाणी न्यायालयात रक्कम वसुलीचा दावा दाखल करण्यास सांगणार आहे. त्यांनी कागद पाहिले आहेत, वकीलपत्रावर मी सही केली आहे. दाव्यात मूळ रकमेसोबत व्याज अधिनियम, १९७८ च्या कलम ३ प्रमाणे देय तारखेपासूनचे व्याज, दाव्याचा खर्च आणि कोर्ट फी मागितली जाईल. करारात देण्याची वेळ लिहिलेली असल्यामुळे मी हे व्याज ३० एप्रिल २०२५ पासून मागणार आहे आणि त्यासाठी हे पत्र लेखी सूचना समजावी. लांबवत राहिले तर मी कंटाळून सोडून देईन, असे कोणी आपल्याला सांगत असेल तर ते मनातून काढावे. अशा वसुलीसाठी कायद्याने तीन वर्षांची मुदत आहे आणि मला त्यातले तीन आठवडेही वाया घालवायचे नाहीत.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणे, पोलीस ठाण्यात अर्ज देणे, नव्या भाडेकरूंना सांगणे, यातले मी काही केलेले नाही आणि करणार नाही. हा पैशांचा दिवाणी व्यवहार आहे, तो त्याच मार्गाने मिटेल. आपल्याला माझ्या हिशेबातला एखादा आकडा चुकीचा वाटत असेल तर बिल किंवा फोटोसह लेखी कळवा, मी त्याच दिवशी उत्तर देईन. भेटून बोलायचे असेल तर या आठवड्यात माझी पहिली पाळी आहे, दुपारी चारनंतर मी येऊ शकतो. मात्र भेट झाली तरी ९ सप्टेंबर ही तारीख तीच राहील.

सोबत दोन्ही नोंदणीकृत करारांच्या प्रती, धनादेशाची नोंद असलेले बँक पासबुकाचे पान, वीजबिलाची पावती आणि मीटरचा फोटो, ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२४ मधले ओलीचे फोटो व त्यावरील आपली उत्तरे, तसेच ३ जुलैच्या यूपीआय व्यवहाराची छापील प्रत जोडली आहे. या पत्राची एक प्रत माझ्या वकिलांकडे दिली आहे.

आपला,

(सही)
संदीप गांगुर्डे