मुलांना आणि जवळच्यांना

सातारा, रविवार, २५ ऑक्टोबर २०२६

प्रिय मुक्ता, निनाद,
आणि कुंदा, शैला, जाधवसर, देशपांडेवहिनी,

मुलांशी काल फोनवर बोलले आहेच, तरी हे पत्र सगळ्यांना एकच पाठवते आहे, म्हणजे कुणाला एक आणि कुणाला दुसरं सांगितलं असं व्हायला नको.

मी लग्न करते आहे. श्रीकांत यांच्याशी. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी ते एक. बँकेतून निवृत्त झालेत, वय सदुसष्ट, त्यांची पत्नी आजारपणात गेली, मुलगा बंगळुरूला असतो. कुंदा, तू त्यांना पाहिलं आहेस. चढावर सगळ्यांच्या पुढे जातात आणि वर गेल्यावर धापा टाकत बसतात, तेच.

‘या वयात सोबत हवीच’ असं लोक समजुतीच्या सुरात म्हणतील. म्हणू देत. पण तुम्हाला खरं सांगते, नुसती सोबत हवी असती तर खालच्या मजल्यावर भाडेकरू ठेवला असता. मला ते आवडतात. त्यांच्याशी वाद घालायला आवडतं. वाचनालयातून आणलेल्या एकाच पुस्तकावर आमचं आठवडाभर भांडण चालतं, आणि दुसऱ्या दिवशी काय उत्तर द्यायचं याचा विचार करत मी पोळ्या लाटते.

मुलांनो, तुमच्या बाबांबद्दल. २०१९ साली ते गेले, त्याआधी एकतीस वर्षं आम्ही संसार केला, आणि तो चांगला झाला. तो संसार आता कुणी पुसत नाही. त्यांचा फोटो माझ्याबरोबर नव्या घरी येईल, श्रीकांतांच्या पत्नीचाही तिथे असेल. श्राद्ध आजवर जसं होत आलं तसंच होईल. तुम्ही श्रीकांतांना बाबा म्हणावं अशी कुणाचीही अपेक्षा नाही. काका म्हणा. ओवीने काय म्हणायचं ते ओवी ठरवेल, ती तशीही कुणाचं ऐकत नाही.

वन्संना मी स्वतः वाईला जाऊन सांगितलं. भावाची बायको दुसरं लग्न करणार हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “चहात साखर घेतात का?” नाही म्हटल्यावर, “मग आणा एकदा. आमच्याकडे कुणीच घेत नाही आता.” मला घरी येईपर्यंत रडू आवरेना.

आता व्यवहाराचं, कारण मनात येतं पण विचारायला जीभ धजत नाही. घर बाबांच्या नावावर होतं, त्यात आपण तिघंही सारखे वाटेकरी. माझा वाटा तुम्हा दोघांना निम्मा निम्मा, तसं मृत्युपत्र मी रजिस्टर केलं आहे. आम्ही दोघं शाहूपुरीत भाड्याने फ्लॅट घेतोय. ना त्यांचं घर, ना माझं. बाबांच्या पाटबंधारे खात्याचं कुटुंब निवृत्तिवेतन मला मिळतं, तेव्हा पुनर्विवाहाचं कोषागारात मीच कळवणार आहे. माझं शाळेचं पेन्शन आहे, त्यात माझं भागतं. नाव बदलणार नाही. एवढ्या कागदांवर पुन्हा सह्या कोण करणार!

लग्न विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी पद्धतीने. त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावतात. साताऱ्यात अशा ठिकाणी लागलेला कागद संध्याकाळपर्यंत राजवाड्यावर पोचतो. तुम्हाला तिथून कळू नये म्हणून आधी हे पत्र. नोटीस २ नोव्हेंबरला देणार, लग्न शुक्रवारी, ११ डिसेंबरला. तीन साक्षीदार लागतात: शैला, जाधवसर आणि श्रीकांतांचे एक मित्र. मुक्ता, तुला साक्षीदार व्हावंसं वाटलं तर जाधवसर आनंदाने बाजूला होतील, त्यांना मी विचारलं आहे. नाही वाटलं तरी मी रुसणार नाही.

निनाद, काल तू “ठीक आहे” म्हणालास आणि फोन ठेवलास. तुझं ते “ठीक आहे” मला दहावीच्या निकालापासून माहीत आहे. घाई नाही. राग आला असेल तर रागावून फोन कर, पण कर. डब्लिनहून डिसेंबरात येणं जमलं नाही तर उन्हाळ्यात ये, आम्ही दोघं इथेच आहोत.

जेवण रविवारी, १३ डिसेंबरला दुपारी, जुन्या घरीच. भरली वांगी, मटारची उसळ, पुरी, श्रीखंड. वीस-पंचवीसच माणसं. आहेर अजिबात नको, साड्या तर नकोच. वहिनी, तुमची लसणाची चटणी मात्र लागेल.

कोण कोण येणार ते नोव्हेंबरअखेर सांगा. स्वयंपाकाच्या मावशींना आकडा द्यायचा आहे.

तुमची
आई / सुनंदा