आम्ही निवडलेली वचने
(तृतीय वर्ष विज्ञान, रसायनशास्त्र, 2024-25)

वार्षिकांकात शेवटच्या वर्षाला एक पान मिळतं. यंदा विषय ठरला ‘प्रामाणिकपणा आणि धैर्य’. वर्गाच्या ग्रुपवर दोन दिवसांत साठ-सत्तर सुविचार जमा झाले. निम्म्यांखाली थोरांची नावं होती, पण ती वाक्यं त्यांनी कुठे म्हटली, कधी म्हटली, हे कुणालाच सांगता येईना. प्रामाणिकपणाच्या पानावर दुसऱ्याच्या नावाचं खोटं वाक्य छापायचं, हे आम्हाला पटलं नाही. मग नियम केला : वचन कुठून आलं ते माहीत हवं आणि या तीन वर्षांत आपल्यापैकी कुणी तरी ते थोडंफार जगलेलं हवं. साठातली पाच उरली.

सत्य असत्याशी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥

तुकोबांच्या या ओळीवर कुणाचंच दुमत नव्हतं, कारण दुसऱ्या वर्षाचं ते प्रॅक्टिकल सगळ्यांना आठवत होतं. मोहर्स सॉल्टचं परमँगनेटशी टायट्रेशन. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये उत्तर 9.8 होतं, म्हणून आम्हा 31 जणांच्या वहीतही 9.8 आलं. ब्युरेटमध्ये खरं तर अकराच्या पुढे जात होतं. पण प्रत्येकाला वाटलं, चूक आपलीच. रीडिंग ‘अ‍ॅडजस्ट’ केलं आणि मोकळे झालो.

एकीने 11.6 लिहिलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच आलं. शेजारच्यांनी समजावलं, खोडून टाक, उगाच परत करायला लावतील. ती म्हणाली, “मला जे दिसलं ते मी लिहिलंय.” सरांनी वही पाहिली, रागावले नाहीत. टेबलावरची डायल्यूट सल्फ्युरिक अ‍ॅसिडची बाटली उचलली, परीक्षानळीत थोडं ओतून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. बाटलीत हायड्रोक्लोरिक होतं. त्यातलं क्लोराइडही परमँगनेट खात होतं, म्हणून रीडिंग वाढत होतं. 31 वह्यांनी जी चूक झाकली, ती एका वहीने उघडी केली.

दुसऱ्या दिवशी दोघे जण स्टाफरूमच्या दारात जाऊन म्हणाले, “सर, आमचं 9.8 खरं नव्हतं.” तिघांनी, चौघांनी, मग सगळ्यांनीच सांगितलं. पहिले दोघे आत जाताना त्यांच्या मागे कुणीच नव्हतं, हे मात्र इथे लिहून ठेवायला हवं.

प्रयोगशाळेतले मामा त्या दिवशी सगळ्या बाटल्यांची लेबलं बदलत बसले होते. चूक त्यांची एकट्याची नव्हती, भरताना आम्हीही हात लावला होता. तरी ते म्हणाले,

बाटलीवर लिहिलंय तेच आत असायला हवं, पोरांनो.

हे कुठल्याच संग्रहात सापडणार नाही. आम्ही ते दुसऱ्या क्रमांकावर घेतलं.

काय करूं आतां धरूनियां भीड । नि:शंक हें तोंड वाजविलें ॥

हीही तुकोबांचीच ओळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं, तेव्हा ती त्यांनी पत्राच्या शिरोभागी घातली. आमच्यात ती आणली गावाहून एसटीने येणाऱ्या एका मैत्रिणीने. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं, तिची शेवटची गाडी सव्वापाचची. दीड वर्ष ती पाया पडून, हात जोडून लवकर सुटायची किंवा ओळखीच्या दारी मुक्काम करायची. एरवी वर्गात तिचा आवाजही ऐकू यायचा नाही. विद्यार्थ्यांच्या सभेत मात्र ती उभी राहिली. हात थरथरत होते, कागद पुढे धरला होता, पण वाचला नाही, बोलली. “आम्ही अकरा जणी आहोत, आमची गाडी चुकते.” पुढच्या सत्रापासून आमची बॅच सकाळी झाली. बाकीच्या दहा जणी त्या दिवशी खाली मान घालून बसल्या होत्या, त्यांपैकी दोघींनी हे पान लिहायला घेतलं आहे.

इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार

आगरकरांचं हे वाक्य. 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ काढलं. न पटणारं बोलल्याबद्दल लोकांनी या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. त्यांच्या वाक्यातला दुसरा भाग आम्हाला जास्त जवळचा वाटतो. बोलायचं सगळं, पण हातून होईल तेवढंच करायचं कबूल करायचं. आमच्या गटाने गावातल्या विहिरींचं पाणी तपासायचं ठरवलं, तेव्हा तीस विहिरी सांगितल्या होत्या. आठ झाल्या. अहवालात आठच लिहिल्या.

काही वचनं हातची गेली. ‘कर नाही त्याला डर कशाला’ जवळजवळ घेतलीच होती. पण परीक्षेत बाकाखाली कुणाची तरी चिठ्ठी सापडली आणि पथकाने ज्याला उभं केलं, त्याने काहीच केलं नव्हतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते, घशातून शब्द फुटत नव्हता. तो म्हणाला, “माझा कर नव्हता, पण डर होता. ही म्हण माझ्यासमोर छापू नका.” म्हण म्हणून ती गोड आहे, पण घाबरलेल्या निरपराध्यावर अन्याय करते. काढून टाकली.

‘मोडेन पण वाकणार नाही’ यावरून मोठी भांडणं झाली. निम्मा वर्ग हटून बसला. बाकीच्यांनी ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ पुढे केलं. आमच्यापैकी बरेच जण सांगलीचे. ऑगस्ट 2019 च्या पुरात दहावीत होतो, कृष्णेचं पाणी दारात आलेलं पाहिलंय. पाणी ओसरल्यावर मळीत आडवी पडलेली झाडं आठवतात, आणि गाळातून डोकं वर काढलेलं गवतही. तरी रीडिंगच्या बाबतीत वाकायचं नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. कशापुढे वाकायचं आणि कशापुढे नाही, याचा निकाल लागला नाही. मग दोन्ही वगळली.

शेवटचं वचन एटीकेटीवाल्यांनी मागून घेतलं :

बचेंगे तो और भी लडेंगे

जानेवारी 1760, बुराडी घाट, दत्ताजी शिंदे. फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर तिसऱ्यांदा देणारा आमचा मित्र हे वाक्य पहिल्या पानावर लिहून अभ्यासाला बसतो. निकाल लागेल तेव्हा हा अंक छापून झालेला असेल.

पाचही वचनं पाच जणांच्या हस्ताक्षरात आहेत. मामांचं वाक्य त्यांनीच लिहून दिलं, दोनदा, कारण पहिल्यांदा अक्षर चांगलं आलं नाही असं त्यांना वाटलं.

खाली छापलाय तो फोटो त्या जर्नलच्या पानाचा आहे. डाव्या रकान्यात तीनदा 11.6, शेजारी सरांची लाल पेनची टिक, आणि कोपऱ्यात परमँगनेटचा फिकट तपकिरी डाग.