चौकोनी मंगळवार: व्याकरण बरोबर, अर्थ गायब

(सुरुवातीची धून, दहा सेकंद. धून हळूहळू कमी.)

नमस्कार मंडळी. आज सुरुवातीलाच एक वाक्य टाकतो, कान देऊन ऐका हं. "खानापूरच्या चौकोनी मंगळवारानं काल दोन ओल्या बेरजा चावून खाल्ल्या."

परत म्हणतो, सावकाश. खानापूरच्या, चौकोनी मंगळवारानं, काल, दोन ओल्या बेरजा, चावून खाल्ल्या.

(थोडा थांबा)

हसू आलं असेल, पण आता तुम्ही मास्तर आहे असं समजून हे वाक्य तपासायला घ्या. कर्ता आहे, त्याला 'नं' लागलंय. बेरजा स्त्रीलिंगी आणि दोन, म्हणून अनेकवचन, म्हणून 'ओल्या', म्हणून 'खाल्ल्या'. 'काल' म्हटलंय आणि क्रियापदही भूतकाळातच आहे. लाल पेनानं गोल करायला जागाच नाही ओ. आणि तरीबी वाक्यातनं काय कळलं म्हणाल तर काहीच नाही, कारण मंगळवाराला कोपरे नसतात, बेरीज ओली होत नाही आणि कुणी चावतही नाही.

म्हणजे वाक्य जुळणं वेगळं आणि वाक्याला अर्थ असणं वेगळं. आपण बोलताना दोन्ही एकदम होतं म्हणून एकच वाटतं. बसमधला कंडक्टर तिकीट आहे का बघतोय, तुम्ही कशाला निघालाय ते विचारत नाही, व्याकरणाचं तसंच आहे. शब्द आपापल्या जागेवर, आपापल्या प्रत्ययात बसलेत का एवढंच ते बघतं.

हा मुद्दा जगभर गाजला तो नोम चॉम्स्की या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञामुळं. १९५७ साली त्यांचं 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' नावाचं छोटंसं पुस्तक आलं, त्यात त्यांनी एक इंग्रजी वाक्य दिलं, ते मराठीत साधारण असं होईल, "बिनरंगी हिरव्या कल्पना तावातावानं झोपतात." आणि त्याच्या शेजारी तेच शब्द उलट्या क्रमानं लावून दुसरं वाक्य ठेवलं. अर्थ दोन्हींना नाही. तोवर दोन्हींपैकी एकही इंग्रजीत कुणी बोललं असण्याची शक्यता नव्हती, म्हणजे 'आधी कानावरून गेलंय म्हणून ओळखीचं वाटतंय' असंही म्हणता येईना. तरी इंग्रजी बोलणारा माणूस पहिलं ऐकून म्हणतो हे वाक्य आहे, आणि दुसरं ऐकून म्हणतो ही नुसती शब्दांची रास. मग ही निवड तो कशाच्या जोरावर करतोय? अर्थाच्या नाही, कारण अर्थ दोन्हीकडं शून्य. त्याच्या डोक्यात रचनेचे नियम बसलेत, त्यांच्या जोरावर.

आता गंमत बघा की, मराठीत नुसतं उलटं लावून एवढं भागत नाही. "झोपतात तावातावानं कल्पना हिरव्या बिनरंगी" असं म्हटलं तर फार तर कविसंमेलनात कुणीतरी म्हणालंय असं वाटेल, मोडलं असं वाटत नाही, कारण आपल्याकडं शब्दांचं नातं जागेपेक्षा प्रत्यय सांभाळतात. मराठी मोडायची तर प्रत्ययाला हात घालावा लागतो, "बिनरंगी हिरवा कल्पनांनं झोपतोस" असं काहीतरी. हे ऐकलं की लगेच दातात खडा आल्यासारखं होतं की नाही?

आता याच्या उलटं करू. शब्दांचा अर्थच काढून घेऊ, सांगाडा तेवढा ठेवू. "एका टिपकुळ्या भुरांड्यानं तीन चिंगोळ्या लपडवल्या." यातला एकही मोठा शब्द मराठीत नाही, मी आत्ताच केलेत. पण मी प्रश्न विचारतो, तुम्ही घरात बसून मोठ्यानं उत्तर द्या. कुणी लपडवल्या? (थांबा) भुरांड्यानं. भुरांडा कसला होता? टिपकुळा. किती चिंगोळ्या? तीन. एकच असती तर काय म्हणाला असता? चिंगोळी लपडवली. बघा, भुरांडा म्हणजे जनावर की माणूस की कुकरची शिट्टी, काही माहीत नाही, आणि तुम्ही त्याचं व्याकरण बिनचूक चालवून दाखवलं. घरात चार-पाच वर्षांचं पोरगं असेल तर त्याच्यावर हे करून बघा, तेही फारसं चुकणार नाही, त्याला विभक्ती हा शब्द कुणी शिकवलेला नसला तरी.

आता आपल्या भागातलं बोलू, कारण बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या माणसाला हे सगळं पुस्तक न उघडता दिसतं. आपल्याकडं बरेच जण "मी भाकरी खाल्लो" म्हणतात. पुण्याचा पाहुणा असेल तर त्याची भुवई वर जाते, त्याच्या मराठीत "मी भाकरी खाल्ली", क्रियापद भाकरीच्या मागनं जातं. आपलं 'खाल्लो' माझ्या मागनं येतं, कन्नडात "नानु रोट्टि तिंदे" म्हणतात तसं. पण अर्थात काही फरक पडला का? शून्य. भाकरी गेली पोटात. (आणि माझं मत विचाराल तर ही चूक नव्हेच, हे इथल्या बोलीचं स्वतःचं व्याकरण आहे, पण तो वेगळा कार्यक्रम होईल.)

उलट ते हिरव्या कल्पनांचं वाक्य घ्या आणि शेजारच्या कन्नड काकांना ऐकवा, "बण्णविल्लद हसिरु कल्पनेगळु सिट्टिनिंद मलगुत्तवे." कन्नड अगदी चोख, पण काकाही तुमच्यासारखेच बघत बसतील. म्हणजे व्याकरण भाषेगणिक बदलतं, अगदी गावागणिक बदलतं, पण या वाक्यातला बिनअर्थपणा मात्र जसाच्या तसा पलीकडं जातो. मंगळवार मराठीत चौकोनी नाही आणि कन्नडातही नाही. मला तर वाटतं दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे दाखवायला याच्याहून सोपा पुरावा नाही, आणि तो दोन भाषांत उठणाऱ्या-बसणाऱ्या माणसाला आयता मिळतो.

बरं, हे सगळं १९५७ लाच सुचलं असं समजू नका. आपल्या न्यायशास्त्रात ही चर्चा जुनी आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या छोट्या ग्रंथात वाक्यातनं अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात म्हटलंय, आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. "गाय घोडा माणूस हत्ती" असं नुसतं म्हटलं तर एका शब्दाला दुसऱ्याची गरजच नाही, म्हणजे आकांक्षा नाही, ती यादी झाली. "अग्नीनं शिंपतो" म्हटलं तर शब्द जुळले, पण शिंपायला पाणी लागतं, आगीनं शिंपता येत नाही, म्हणजे योग्यता नाही. आपला चौकोनी मंगळवार याच जातीचा. आणि सन्निधी म्हणजे शब्द जवळजवळ यायला पाहिजेत. मी आत्ता "गाय" म्हटलं आणि तीन तासांनी, म्हणजे एक प्रहर उलटल्यावर, "आण" म्हटलं तर तुम्ही काय आणणार? रेडिओवाल्यांनी तरी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

एक घोटाळा इथं नेहमी होतो. खोटं आणि निरर्थक एक नव्हे. "बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकात समुद्र आहे" हे खोटं आहे, पण कळतं, आणि कळतं म्हणूनच तुम्ही जाऊन बघून खोटं ठरवू शकता. "मंगळवार चौकोनी आहे" याला खोटं म्हणायचं तर मग "मंगळवार चौकोनी नाही" हे खरं झालं का? मग काय गोल आहे? हे कोडं तत्त्वज्ञांनाही सुटसुटीत सुटलेलं नाही. रुडॉल्फ कार्नाप यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला "सीझर ही मूळ संख्या आहे" हे उदाहरण घेतलं आणि म्हणाले हे खरंही नाही, खोटंही नाही, हे विधानच नव्हे. काहींना ते पटत नाही, ते म्हणतात सीझर माणूस आहे, संख्या नाही, मग सरळ खोटं म्हणा की. मी कार्नापच्या बाजूचा, पण भांडायला तयार आहे.

मेंदू काय म्हणतो तेही बघितलंय लोकांनी. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी माणसांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली, त्यात "गरम ब्रेडला त्यानं मोजे फासले" अशा थाटाचं एक होतं. लोण्याच्या जागी मोजे आले की सुमारे ४०० मिलीसेकंदांनी, म्हणजे अर्धा सेकंदही झाला नसताना, एक ठरावीक लाट उठायची. पुढं १९९२ च्या सुमाराला दुसऱ्या संशोधकांना व्याकरण मोडलेल्या वाक्यांत वेगळीच लाट दिसली, उलट्या दिशेची आणि उशिराची, ६०० मिलीसेकंदांच्या आसपास. म्हणजे मेंदूची कुरकुरही दोन तऱ्हेची. नंतर हे चित्र एवढं स्वच्छ राहिलं नाही बरं का, "जेवण खात होतं" अशा वाक्याला, जिथं अर्थच बिघडलाय, तिथंही कधीकधी ती उशिराची लाट आली. दोन्ही कामं वेगळी, पण शेजारी एकमेकांच्या घरात डोकावतात म्हणायचं.

आणि अर्थाची हद्द काय पक्की दगडाची नाही. बाराव्या शतकातल्या अल्लमप्रभूंची बेडगिन वचनं घ्या, सरळ वाचली तर जमणारच नाहीत अशा गोष्टी त्यात जमतात, आणि तरी आपल्या या भागात ती पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली, कारण ऐकणारा म्हणतो थांब, हा माणूस उगीच बोलणार नाही, आत काहीतरी आहे. आपल्या भारुडांचंही तेच. "दुपार आळस देत होती" हे वाक्य नियमानं निरर्थकच, दुपारीला अंग नसतं, पण मे महिन्यात खडेबाजारात अडीच वाजता उभं राहून बघा, पटकन कळतं.

मला भीती वाटते ती चौकोनी मंगळवाराची नाही, तो लगेच पकडला जातो. भीती वाटते ती या वाक्याची, ऐका, "मूल्याधिष्ठित गतिमानतेच्या माध्यमातून सर्वांगीण दिशेला सकारात्मक उंची देण्यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत." (थांबा) टाळ्या वाजवाव्या वाटल्या ना? हेही मीच आत्ता जुळवलंय, कुणाचंही नाही, पण उद्घाटनात, जाहिरातीत, कॉलेजच्या अहवालात याची भावंडं रोज भेटतात. इथं मंगळवार कुठं चावत नाही, म्हणून कान खटकत नाही, आणि व्याकरण एवढं घासूनपुसून असतं की आत माल असेलच असं वाटतं. पारखायचं कसं? त्याचं उलटं करून बघा. "आम्ही सर्वांगीण दिशेला नकारात्मक उंची देणार" असं कुणी कधी म्हणेल का? आणि म्हटलं तर उद्या सकाळी नेमकं काय वेगळं होईल? "सोमवारपासून नळाला दिवसाआड पाणी" याचं उलटं केलं की लगेच कळतं काय बिघडेल, तुमच्या पिंपाला कळतं.

वेळ संपत आली, इंजिनिअरसाहेब काचेतनं हात करायलेत. पुढच्या गुरुवारी याच वेळेला दुसरी बाजू घेऊ, टपरीवर आपण "दोन कट, एक बिनसाखर" म्हणतो, त्यात क्रियापद नाही, कर्ता नाही, आणि चहा मात्र बरोबर येतो, तो कसा. तोवर घरात पोरांना विचारा, भुरांडे दोन असते तर त्यांनी चिंगोळ्या लपडवल्या हे कसं म्हणायचं. नमस्कार.

(धून वर)