आईच्या सेवेसाठी बाई घरात ठेवण्याची परवानगी मिळण्याबाबत

तळेगाव (श्यामजीपंत), ता. आष्टी, जि. वर्धा
९ जून २०२५

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

आईला लकवा मारल्याचं मी फोनवर कळवलंच होतं. सेवाग्रामच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली, पण उजवा हात-पाय अजून उचलत नाही. गिळताना ठसका लागतो, म्हणून पेजसुद्धा पाठीला उशा लावून, बसतं करून, चमच्या-चमच्यानं द्यावी लागते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. सध्या सुट्ट्या आहेत म्हणून मी आणि सुनीता आळीपाळीनं जागतो. २३ जूनला शाळा उघडते आणि सुनीताची अंगणवाडी चालूच आहे. दिवसभर आईला कुलूप लावून घरात एकटं ठेवणं माझ्याच्यानं होणार नाही.

त्यासाठी आर्वीकडच्या एक बाई मुक्कामी राहायला तयार आहेत. वय पन्नाशीचं, विधवा आहेत, आधीही अंथरुणावरच्या माणसाची सेवा केलेली आहे. आईचं अंग पुसणं, कपडे बदलणं हे बाईमाणसाच्याच हातून व्हावं, असं आईलाही वाटतं. मुलासमोर ती फार संकोचते.

आपल्या करारात घरच्या माणसांशिवाय कोणी राहू नये असं लिहिलं आहे. म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्यांना आणणार नाही. त्या आईच्याच खोलीत, तिच्या खाटेजवळ झोपतील. मागची कुलूपबंद खोली आणि तुमचं सामान जसंच्या तसं राहील. जेवण आमच्याच घरचं, त्यांच्याकडून भाडं म्हणून एक रुपयाही घेणार नाही. त्या पोटभाडेकरू नाहीत, घरावर त्यांचा काही हक्क राहणार नाही. आधार कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, पोलीस ठाण्यात माहितीही देतो.

पाण्याचं मात्र आधीच सांगतो. चादरी रोज धुवाव्या लागतात, त्यामुळे बोअरची मोटर जास्त चालेल. वाढलेलं लाईट बिल मी भरीन. शेजारच्या काकूंना त्रास होऊ नये म्हणून धुणं सकाळीच उरकू. न्हाणीत धरायला एक लोखंडी दांडा बसवायचा आहे, तेवढीही परवानगी द्यावी. खोली सोडताना भिंत नीट करून देईन.

सध्या सहा महिन्यांची परवानगी द्या. आई त्याआधी उठून बसायला लागली तर बाईंना लगेच निरोप देऊ. जास्त दिवस लागले तर मी पुन्हा विचारीन. काही अडचण वाटली तर मोकळेपणानं सांगा. तुम्ही म्हणाल तेव्हा बाईंना घेऊन नागपूरला भेटायला येतो.

पत्राच्या दोन प्रती पाठवतो आहे. मान्य असल्यास एकीवर "परवानगी आहे" असं लिहून सही करावी आणि १८ तारखेपर्यंत पाठवावी, म्हणजे शाळा उघडण्याआधी बाईंना आईची सवय होईल.

काकूंना नमस्कार.

आपला,
प्रमोद
(पुढच्या दोन खोल्यांचा भाडेकरू)

सोबत: आधार कार्डाची झेरॉक्स, दवाखान्याचं सुट्टीचं कार्ड