निरोपाचे दोन शब्द

साहेब, ताई आणि माझ्या लॅबच्या पोरांनो,

हिंगण्याच्या एमआयडीसीतून मे महिन्यात माप तपासायला गेज येतं, तेव्हा बाहेर पारा 45 च्या घरात असतो आणि आपली खोली 20 अंशांवर. पार्टी दारात उभी राहून म्हणते, "भाऊ, लवकर करून द्या ना!" नाही द्यायचं. 100 मिलिमीटरचं पोलादी स्लिप गेज एका अंशाला 1 मायक्रॉनहून थोडं जास्तच वाढतं. ते ग्रॅनाइटच्या टेबलावर रात्रभर निवू द्या, मग हात लावा. हात म्हणजे हातमोज्यातलाच. बोटांची ऊबसुद्धा रिडिंगमध्ये उतरते.

दुसरं, रिडिंग दिसलं तसं तिथल्या तिथे लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. खोडरबर आणि व्हाइटनर लॅबमध्ये नकोच. वेगळा पडलेला आकडा मला फार मोलाचा वाटतो. तो गाळायची घाई करू नका, आधी कारण शोधा: धूळ, तेलाचा थर, की सैल क्लॅम्प?

उपकरणाचा झिरो कामाआधी तुम्ही बघताच, तसा काम संपल्यावरही बघा. शेवटी झिरो सरकलेला निघाला, तर मधली सगळी रिडिंगं परत घ्यायची, मग गाडी खाली उभी असली तरी.

मास्टर सेट कॅलिब्रेशनला जाईल तेव्हा जुनी सर्टिफिकेटं फेकू नका. दर वर्षीचा आकडा आलेखावर मांडत जा, गेज कुठे झिजतंय ते त्यातच दिसतं. ती फाइल डावीकडच्या कपाटात आहे. किल्ली आज ताईंकडे दिली.

तुम्ही सगळ्यांनी फार जीव लावला. मनापासून आभार.