०५ चमचा

रात्रीचे बारा वाजायला दहा मिनिटे होती आणि पणजीतल्या त्या मराठी दैनिकाच्या मुद्रितशोधन विभागात एकटे भाईच उरले होते. शिशाचे खिळे हाताने जुळवण्याच्या अखेरच्या काळात ते नोकरीला लागले, पुढे ऑफसेट आले, मग संगणक आले, आणि निवृत्तीनंतरही व्यवस्थापनाने त्यांना कंत्राटावर ठेवून घेतले, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. बाहेर आषाढातला पाऊस कोसळत होता. भाईंनी घरून आणलेल्या डब्यातली पेज वाडग्यात ओतली, एक घोट घेतला, ती अळणी लागली, म्हणून मिठाच्या बरणीत चमचा घातला.

तो अर्धा भरलेला चमचा वाडग्यावर धरलेला असतानाच त्यांचा हात थांबला.

सहाव्या पानावर एका डॉक्टरांचा लेख होता. पावसाळ्यात विहिरींचे पाणी गढूळ होते, जुलाबाची साथ पसरते, तेव्हा तान्ह्या मुलांना घरच्या घरी जलसंजीवनी कशी करून द्यावी, हे त्यात चौकटीत दिले होते: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सपाट ६ चमचे साखर आणि मीठ. संध्याकाळी पहिल्या प्रुफात मिठापुढे ‘०५ चमचा’ असे आले होते. सरकारी अर्ज भरणाऱ्यांना आकड्याआधी शून्य लिहायची खोड असते, तशीच ही असावी, असे समजून भाईंनी शून्य उडवले आणि पाचाला एकवचन चालत नाही म्हणून लाल शाईने ‘चमचा’चे ‘चमचे’ केले. व्याकरणाच्या दृष्टीने ती दुरुस्ती निर्दोष होती.

साखरेच्या सहापुढे मात्र शून्य नव्हते. एकाच माणसाने, एकाच ओळीत, एका आकड्याला शून्य लावावे आणि दुसऱ्याला लावू नये, हे का? डॉक्टरांनी जुन्या फॉन्टमध्ये पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये फिरवताना जोडाक्षरे फुटतात, अवतरणचिन्हे नाहीशी होतात, हे भाईंना पुरते ठाऊक होते. मग एखादा दशांशचिन्हाचा ठिपकाही गळला असेल, आणि तो ‘चमचा’ एकवचनी राहून खरे तेच सांगत असेल, तर?

लिटरभर पाण्यात पाच चमचे मीठ! आधीच कोरड्या पडलेल्या तान्ह्या पोराला ते पाजले, तर त्याच्या जिवावरच बेतायचे.

त्यांनी छपाई विभागाचा फोन लावला. तो कोणी उचलेना. तेव्हा गुडघेदुखी विसरून भाई जिना उतरले. प्लेट्स सिलिंडरवर चढल्या होत्या, कागद ओढून घेतला होता, आणि यंत्र सुरू होण्याआधी वाजणारी घंटा त्यांनी शेवटच्या पायरीवर असतानाच ऐकली.

“बंद कर! सहावे पान थांबव!”

फोरमनने बटणावरचा हात काढला. “कितें जालें भाई? काणकोणची गाडी भायर उबी आसा.”

“गाडी थांबू दे. तिच्यातून काय जाणार आहे, ते आधी बघू.”

वर उपसंपादक मुलगी घरी निघण्यासाठी छत्री उघडत होती. भाईंनी तिला डॉक्टरांचा मूळ ईमेल काढायला लावला. मजकुराच्या फाइलसोबत डॉक्टरांनी पीडीएफही जोडली होती, जी दिवसभरात कोणीच उघडली नव्हती. (कोण उघडतो?) तीत स्वच्छ लिहिले होते: मीठ ०.५ चमचा.

मुलगी पांढरीफटक पडली. “भाई, फॉन्ट मीच बदलला होता.”

“ठिपका यंत्राने खाल्ला. पाच चमचे मी केले,” भाई म्हणाले. “आता आकडा नको. अक्षरांत लिही, ‘अर्धा चमचा’. अक्षर गळले, तर निदान दिसते तरी.”

मजकूर काळ्या शाईत असल्यामुळे चारपैकी एकच प्लेट नव्याने काढावी लागली. ती तयार होईपर्यंत फोरमन घड्याळाकडे आणि गाडीचा चालक फोरमनकडे पाहत होता. पहिल्या चांगल्या प्रती हाती आल्या, तेव्हा भाईंनी ती चौकट आधी मनात, मग मोठ्याने आणि मग शेवटाकडून सुरुवातीकडे, अशी तीनदा वाचली आणि मान हलवली. घंटा पुन्हा वाजली.

छपाईला उशीर झाला की कारण नोंदवहीत लिहावे लागते. रात्रपाळीच्या मुख्य उपसंपादकांनी वही उघडून ‘तांत्रिक बिघाड’ लिहायला घेतले, पण भाईंनी ती आपल्याकडे ओढली, खिशातले लाल पेन काढले आणि लिहिले: ‘पान ६. विलंब २२ मिनिटे. कारण: मुद्रितशोधकाची चूक.’ सही करून झाल्यावर त्यांनी ते वाक्य सवयीने पुन्हा एकदा तपासले, ‘मुद्रित’मधली वेलांटी ऱ्हस्व असल्याची खात्री केली आणि निवलेली पेज प्यायला ते वर गेले.