विषय: ए-फोर कॉपिअर कागदाच्या तिमाही घाऊक मागणीवर 5 टक्के सूट मिळण्याबाबत

दिनांक: 10 जून 2025

प्रति,
विक्री व्यवस्थापक,
कागद घाऊक विक्री विभाग

ग्राहक खाते क्र. 218

सप्रेम नमस्कार,

आमचे लेखनसाहित्य विक्री केंद्र आपल्याकडून 75 जीएसएम ए-फोर कागद नियमित घेते. गेल्या 12 महिन्यांत आम्ही 720 बॉक्स (प्रत्येकी 5 रीम) उचलले. खातेउतारा सोबत जोडला आहे. त्यात एकही चेक परत गेलेला नाही, हे आपल्याही नोंदींत दिसेल. हा सगळा माल आम्ही दरपत्रकातील पूर्ण दराने, 45 दिवसांच्या उधारीवर आणि 15-15 बॉक्सच्या तुकड्यांत घेतला. येत्या 1 जुलैपासून ही पद्धत बदलून एक वर्षाचा व्यवहार ठरवावा, असा आमचा प्रस्ताव आहे.

तीन प्रशिक्षण संस्थांना वर्षभर कागद पुरवण्याचे काम आम्हाला मिळाले आहे. त्यामुळे महिन्याची गरज 60 वरून 80 बॉक्सवर गेली आहे. आता दर तिमाहीला 240 बॉक्सची एकच मागणी देऊ. माल 120 बॉक्सच्या दोन खेपांत हवा. पहिल्या मागणीची तारीख 1 जुलै, पहिली खेप 16 जुलैला आणि दुसरी 30 ऑगस्टला. पुढच्या मागण्या 1 ऑक्टोबर, 1 जानेवारी आणि 1 एप्रिल या तारखांना येतील. वर्षाचे 960 बॉक्स, म्हणजे 4,800 रीम होतात.

या बदल्यात बिलावर 5 टक्के सूट मिळावी, ही विनंती. त्यातले 3.5 टक्के मालाच्या प्रमाणासाठी आणि 1.5 टक्के आगाऊ रकमेसाठी. शिवाय वर्षाअखेर 960 बॉक्स पूर्ण झाल्यास वर्षभराच्या खरेदीवर 1 टक्क्याची क्रेडिट नोट मिळावी. 960 भरले नाहीत तर हा 1 टक्का आम्ही मागणार नाही.

3.5 टक्के कशावर मागतो आहोत, तेही सांगतो. सध्या आपली गाडी तिमाहीत 12 वेळा आमच्याकडे येते, दर वेळी 15 बॉक्स घेऊन. एका बॉक्सचे वजन साधारण 11.7 किलो, म्हणजे खेपेला जेमतेम 175 किलो माल. एवढ्यासाठी गाडी, चालक, चढउतार, चलन आणि बिल हे सगळे होते. नव्या पद्धतीत 120 बॉक्सची खेप सुमारे 1.4 टनांची होईल आणि फेऱ्या 12 ऐवजी 2 राहतील. भाड्याचा नेमका आकडा आपल्यालाच ठाऊक. पण 10 फेऱ्यांची बचत आणि 10 बिलांचे कमी झालेले काम 3.5 टक्क्यांच्या जवळ जात नसेल, तर तसे स्पष्ट कळवा, आकड्यावर बोलू. दोन्ही खेपांसाठी महिन्याच्या पहिल्या आठवड्याची गर्दी टाळलेली आहे. माल उतरवून घेण्याचे काम आमच्या माणसांकडे राहील.

आगाऊ रकमेचा हिशेब असा. मागणीच्या दिवशीच 40 टक्के रक्कम बँकेतून जमा करू. उरलेल्या 60 टक्क्यांपैकी 30 टक्के पहिल्या आणि 30 टक्के दुसऱ्या खेपेच्या दिवशी, माल मोजून घेतल्यावर लगेच. उधारी पूर्ण बंद. आजच्या 45 दिवसांच्या उधारीशी तुलना केली, तर आगाऊ रकमेतला पहिल्या खेपेचा अर्धा भाग आपल्याला 60 दिवस आधी मिळतो, दुसऱ्या खेपेचा अर्धा भाग 105 दिवस आधी आणि उरलेली रक्कम 45 दिवस आधी. सरासरी 60 दिवस येते. वर्षाला 12 टक्के व्याज धरले तर हा फायदा जवळजवळ 2 टक्क्यांचा होतो. आम्ही त्यातले 1.5 मागतो आहोत. आपला व्याजदर वेगळा असेल तर त्याच दिवसांवर आकडा काढून पाहावा.

पूर्ण 100 टक्के आगाऊ आम्ही देणार नाही. आपल्यावर अविश्वास आहे असे नाही. पण दुसरी खेप दोन महिन्यांनी येणार असताना तिचे सगळे पैसे आधीच अडकवले, तर आमचे खेळते भांडवल सुकते आणि पुढची मागणी लांबते.

काही अटी आधीच लिहून ठेवलेल्या बऱ्या, कारण घाऊक व्यवहार बिघडतात ते बहुधा इथेच.

सूट 10 जूनच्या दरपत्रकातील दरावर, कर लावण्यापूर्वी, आणि बिलातच वेगळी दाखवलेली असावी. दर वाढवून त्यावर सूट दिली तर हातात काही उरत नाही. आगाऊ रक्कम भरलेल्या तिमाहीत गिरणीने दर वाढवला, तरी त्या 240 बॉक्सना जुनाच दर लागू राहावा. दर उतरला, तर न पाठवलेल्या खेपेला कमी दर लावावा. पुढच्या तिमाहीचा दर मागणीआधी 10 दिवस कळवावा. सुटीची टक्केवारी मात्र वर्षभर तीच.

सगळा माल सध्याच्याच गिरणीचा हवा. एका खेपेत दोन गिरण्यांचे रीम मिसळले, तर जाडी आणि पृष्ठभाग बदलतो, ग्राहकांच्या यंत्रात एकावेळी दोन कागद ओढले जातात आणि तक्रार आमच्याकडे येते. वेष्टन काढल्यावर 500 कागदांच्या रीमचे वजन 2.34 किलोच्या आसपास भरते, 2.28 किलोच्या खाली गेलेले रीम आम्ही परत करू. प्रत्येक खेपेतले 5 बॉक्स उघडून वजन तपासले जाईल. जुलै-ऑगस्टच्या खेपा पावसात येतील, तेव्हा गाडीवर ताडपत्री आणि तळाला प्लास्टिक आवश्यक. ओल लागलेला कागद वरून कोरडा दिसला, तरी यंत्रातल्या उष्णतेने वळतो आणि अडकतो. ओले किंवा फाटलेले बॉक्स चलनावरच नोंदवू. ते 7 दिवसांत बदलून मिळावेत. ठरल्या तारखेनंतर 10 दिवसांत खेप आली नाही, तर त्या खेपेची आगाऊ रक्कम परत करावी.

दुसऱ्या एका घाऊक विक्रेत्याने 5.5 टक्के सूट देऊ केली आहे, पण पूर्ण रक्कम आगाऊ आणि वेगळ्या गिरणीच्या कागदावर. आमच्या ग्राहकांची यंत्रे आपल्या कागदावर नीट चालतात, म्हणून आधी आपल्याला विचारतो आहोत.

बिलावर 3.5 टक्के देणे अडचणीचे असेल, तर त्याऐवजी 240 बॉक्समागे 8 बॉक्स विनामूल्य चालतील. हिशेबाने ते 3.2 टक्के पडते. तेवढे आम्ही सोडू. आगाऊ रकमेचे 1.5 टक्के मात्र बिलावरच हवेत.

24 जूनपर्यंत लेखी उत्तर आणि 240 बॉक्सचे प्रोफॉर्मा बिल पाठवावे. ते जुळले की 1 जुलैला 40 टक्के रक्कम जमा करून त्याच दिवशी भरण्याचा तपशील कळवू.

कळावे,

आपला विश्वासू,
खरेदी प्रमुख,
लेखनसाहित्य विक्री केंद्र

सोबत: 12 महिन्यांचा खातेउतारा, तिमाही मागणीचे वेळापत्रक